मदत हवी: आयोडीनमध्ये पिवळे गोळे, सिस्ट की दुसरंच काही?

स्लाइडवाला: तालुक्याच्या लॅबमध्ये शौच तपासणी माझ्याकडे आहे. या आठवड्यात 14 पैकी 9 नमुन्यांत सारखेच गोल दाणे दिसले. सलाइनमध्ये चमकतात, आयोडीनमध्ये पिवळट तपकिरी होतात. दोन रिपोर्टमध्ये ‘एन्टामिबा हिस्टोलिटिका सिस्ट’ लिहून गेलो. डॉक्टर विचारतात, एकदम इतके कसे? आतली केंद्रकं नीट दिसत नाहीत. आयपीसमध्ये मोजपट्टी नाही. नमुने सकाळी सातला घरून येतात, मी दोनच्या सुमारास बघतो. चूक कुठे होतेय?

रानवारा: आयोडीन घेतलं म्हणजे सिस्टच. चरबीचे थेंब रंग घेत नाहीत, हवेचे बुडबुडे काळ्या कडेचे दिसतात. रंग आला ना, मग प्रश्नच मिटला.

मीना_एमएलटी: रानवारा, चरबीचं बरोबर आहे, पण यीस्टसुद्धा आयोडीनने असंच पिवळट तपकिरी होतं. स्टार्चचे कण तर निळे-जांभळे होतात. म्हणजे रंगावरून काही गोष्टी वगळता येतात, सिस्ट ठरवता येत नाही. सिस्ट ठरते आकारमान आणि केंद्रकांवरून.

स्लाइडवाला, आधी एक कोरी स्लाइड करा: शौच न घालता फक्त सलाइनचा थेंब, शेजारी फक्त आयोडीनचा. दाणे तिथेही दिसले तर बाटलीतच बुरशी वाढलीय. सलाइन 0.85 टक्के हवं, आणि उघडी बाटली आठवडेच्या आठवडे वापरू नये.

मोजपट्टी नसेल तर बोट टोचून रक्ताचा अगदी छोटा थेंब सलाइनमध्ये मिसळा, कव्हरस्लिप ठेवून 40 च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा. तांबडी पेशी साधारण 7 ते 8 मायक्रॉनची. हिस्टोलिटिकाची सिस्ट बहुधा 12 ते 15, म्हणजे जवळपास दुप्पट. यीस्ट पेशी बहुतेक वेळा तांबड्या पेशीएवढी किंवा लहान असते, शिवाय एखादीला तरी बाजूला कोंब फुटलेला सापडतो. एका फील्डमध्ये नाही सापडला तर पूर्ण कव्हरस्लिप फिरा.

बाळाची_आई: माझ्या मुलाच्या शौचात काळे बारीक धागे आहेत. हे जंतच ना? औषध सुरू करू का?

मीना_एमएलटी: ताई, तो केळी खातो का? केळ्यातले धागे शौचात काळे, जंतासारखे दिसतात. जंत हलतात का ते बघा, स्वच्छ डबीत नमुना लॅबला द्या, औषध डॉक्टरांना विचारूनच.

रानवारा: उशीर हाच प्रश्न असेल तर सगळे नमुने फॉर्मालिनमध्ये घ्या की.

मीना_एमएलटी: सगळे नकोत. बाजारातलं फॉर्मालिन एक भाग, पाणी नऊ भाग, आणि एक भाग शौचाला त्याचे तीन भाग, नीट कालवून. सिस्ट आणि अंडी त्यात उत्तम टिकतात. पण ट्रोफोझोइट मरतात, आणि त्यांची हालचाल हीच सलाइनमधली मोठी खूण. म्हणून पातळ शौच बाहेर पडल्यापासून अर्ध्या तासात, फॉर्मालिन न घालता बघायचं. घट्ट शौच थंड जागी ठेवलं तर दिवसभर थांबू शकतं. रुग्णाला सांगायचं, डबीत लघवी पडू देऊ नका, भांड्यातलं पाणीही नको. लघवीने ट्रोफोझोइट मरतात आणि पाण्यातले मुक्त जीव परजीवी वाटतात.

तुमच्याकडे सात तास उबेला राहिलेल्या डबीत यीस्ट वाढणं अगदी अपेक्षित आहे.

स्लाइडवाला: कोरी स्लाइड स्वच्छ निघाली. शिल्लक नमुन्यांतले दाणे तांबड्या पेशीपेक्षा लहान, तिघांत कोंब स्पष्ट. पण एका नमुन्यात दुप्पट मोठे गोळे आहेत, आत मोठा रिकामा भाग, कडेला दोन-तीन ठिपके.

मीना_एमएलटी: कडेचे ठिपके आणि मधली पोकळी म्हणजे ब्लास्टोसिस्टिस असू शकतं. त्या नमुन्यात पाणी मिसळू नका, साध्या पाण्यात ते फुटतात. मात्र पांढरी पेशीही याच आकाराची असते, आणि तिच्या केंद्रकाचे तुकडे सिस्टच्या केंद्रकांसारखे दिसतात. ताजं आयोडीन घ्या, कडक चहाच्या रंगाचं. फिकट पडलं असेल तर केंद्रकं उठत नाहीत. आणि थर इतका पातळ ठेवा की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरं वाचता यावीत. काडेपेटीच्या काडीच्या टोकाएवढंच शौच पुरतं.

त्या दोन रिपोर्टबद्दल डॉक्टरांना आजच कळवा, नवा नमुना मागवा. आणि पुढे चार केंद्रकांची सिस्ट खरोखर दिसली तरी ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असंच लिहा. दोघी दिसायला सारख्याच, वेट माउंटवर वेगळ्या करता येत नाहीत.

स्लाइडवाला: कळवतो. एका रुग्णाने मेट्रोनिडाझोल सुरू केलंय, म्हणजे त्याचा नवा नमुना आता निगेटिव्ह आला तरी काय समजायचं?

मीना_एमएलटी: त्यावरून आधी काय होतं ते सांगता येणार नाही. रिपोर्टवर ‘औषध सुरू असताना घेतलेला नमुना’ असं नोंदवा.