मदत हवी आहे: अंड्याचा बलक जॅमसारखा दाट हवा, नेमकं तापमान आणि वेळ?

कर्वेनगरकर
बलक वाहता नको आणि भुसभुशीतही नको, पावावर सुरीने पसरेल असा हवा. ६३ अंशांच्या पाण्यात ४५ मिनिटं ठेवा असं वाचलं होतं. पाणी फिरवणारा रॉड माझ्याकडे नाही. जाड बुडाचं पातेलं, ३ लिटर पाणी, अगदी बारीक गॅस, डिजिटल थर्मामीटर आणि फ्रिजमधली ६ अंडी, एवढंच आहे. थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो, म्हणजे २ अंश कमी. म्हणून आकडा ६१ वर धरून ठेवला. अंडं फोडलं तर पांढरं बुळबुळीत आणि बलक सरळ ताटलीभर पसरला. कुठे बिनसतंय?

खमंग
एवढा खटाटोप कशाला? उकळत्या पाण्यात ७ मिनिटं, लगेच गार पाण्यात. बलक मऊच राहतो.

कर्वेनगरकर
तो मधोमध मऊ असतो, पण कडेला घट्ट होऊन जातो. मला सगळा बलक एकसारखा हवाय.

बावधनी
६३ ला बलक दाटणार नाही, ६५ हवेत. या प्रकारात तापमान हेच सगळं. ६५ लावा आणि विसरून जा, दोन तास राहिलं तरी बलक तसाच राहतो.

मंदाग्नी
६५ बरोबर, ‘विसरून जा’ मात्र नको. त्याच तापमानाला बलक हळूहळू दाटतच राहतो. ६५ वर साधारण तासाभराने तो जॅमसारखा होतो. दोन तास ठेवलात तर मळलेल्या पिठासारखा घट्ट होऊ लागेल, पसरणार नाही. ४५ मिनिटांत काढलात तर आतपर्यंत उष्णता जेमतेम पोचलेली असते.

कर्वेनगरकर, तुमचा थर्मामीटर ठीक आहे! पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. खात्री करायची तर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात ढवळून बघा, ० यायला हवा. म्हणजे तुमचं पाणी खरोखरच ६१ वर होतं, आणि त्या तापमानाला पांढरं जेमतेम गोठायला लागतं.

दुसरी गडबड अंडी टाकतानाची. फ्रिजमधली ६ अंडी ३ लिटर पाण्यात गेली की पाणी ४-५ अंशांनी उतरतं. बारीक गॅसवर ते परत चढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तुमच्या ४५ मिनिटांतून जातो. पाणी आधी ७० पर्यंत नेऊन अंडी सोडा. आकडा ६५ च्या जवळ स्थिरावला की घड्याळ लावा. दर ५ मिनिटांनी झाऱ्याने ढवळा, कारण बुडाशी आणि वर आकडा वेगळा असतो. थर्मामीटरचं टोक बुडाला टेकू देऊ नका.

सासवडची
माझ्या इंडक्शनवर ६५ चं बटण आहे. तेच लावलं तर चालेल?

मंदाग्नी
तो सेन्सर काचेखाली असतो, पाण्यात नाही. बटण काहीही म्हणो, पाण्यातला आकडा बघा. तो सारखा ३-४ अंश वरखाली होत असेल तर गरम पाणी झाकणाच्या जाड आइसबॉक्समध्ये ओतून त्यातच अंडी ठेवा. तो बराच वेळ धरून ठेवतो. लागेल तसं पेलाभर उकळतं पाणी घालून ढवळायचं, अंड्यावर ओतायचं नाही.

कर्वेनगरकर
पण ६५ ला पांढरं नीट गोठेल का?

मंदाग्नी
नाही. त्यातला मोठा प्रोटीन ८० च्या पुढेच पक्का होतो, म्हणून ६५ वर पांढरं थरथरतं राहतं. त्याला आधी वेगळं शिजवा. दुसऱ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या, फ्रिजमधली अंडी झाऱ्याने अलगद सोडा, ३ मिनिटांनी काढून मिनिटभर बर्फाच्या पाण्यात ठेवा. मग ६५ चं पातेलं. कडेचं पांढरं धरलेलं असतं आणि उष्णता बलकापर्यंत पोचलेली नसते.

कर्वेनगरकर
बर्फात ० आला. ३ मिनिटं उकळून, मग ६५ वर ६० मिनिटं ठेवली. बलक अगदी हवा तसा, सुरीला धरतो आणि तुटत नाही. सोलताना मात्र दोन अंड्यांचं पांढरं कवचाबरोबर आलं.

बावधनी
अंडी ताजी असणार. आठवडाभर जुनी घ्या, पापुद्रा सहज सुटतो. सोलताना पाण्याखाली धरा, रुंद टोकाकडून सुरू करा.

सासवडची
गावरान अंड्याला किती वेळ? ती लहान असतात, ५ मिनिटं कमी करू?

मंदाग्नी
लहान अंडं लवकर तापतं, म्हणून थोडी कमी चालावीत. पण गावरान अंड्यात बलकाचा वाटा मोठा असतो, तेव्हा नेमका आकडा मी ठोकून देणार नाही. चार अंडी एकदम टाका, ५० मिनिटांपासून दर ५ मिनिटांनी एक फोडून बघा.

बावधनी
मी तर ६० च ठेवीन.