मदत हवी आहे: डोकं बदललं, पण मानेवर बसतच नाहीये (हनुवटीखालच्या सावलीचा घोळ)

अर्धवट_फोकस

उन्हात काढलेला पाच जणांचा ग्रुप फोटो आहे, एकाच जागेवरून लागोपाठ घेतलेल्या फ्रेम्स. तिसऱ्या फ्रेममध्ये सगळे छान आलेत, फक्त काकांचे डोळे मिटलेले. सातव्यात काका मस्त हसतायत, म्हणून तिथलं डोकं उचलून तिसऱ्यात बसवलं. रंग जुळला, कडाही स्वच्छ आहेत. तरी बघणारा पहिल्या झटक्यात म्हणतो, "हे चिकटवलंय का?"

गोची अशी की तिसऱ्यात काकांनी मान जरा खाली घातली होती, त्यामुळे सावली थेट कॉलरपर्यंत पोचलीये. सातव्यात हनुवटी वर आहे. आता नव्या जबड्याखाली बोटभर उजळ पट्टा दिसतो आणि त्याच्या खाली जुनी लांबलचक सावली. पट्ट्यावर काळा ब्रश ३० टक्क्यांवर मारून पाहिला, तर काजळी फासल्यासारखं झालं.

मान सातव्यातलीच घ्यावी, तर तिथे कडेवरच्या मुलीने काकांच्या गळ्यात हात टाकलाय. काय करू? फोटोशॉप वापरतो.

निवांत_पाखरू

सोपं आहे. लिक्विफायमध्ये फॉरवर्ड वॉर्प घ्या, ब्रश मोठा ठेवा आणि हनुवटीखालचा भाग हलकेच वर ढकला. मी बहिणीच्या फोटोत केलं होतं, कुणाला कळलंसुद्धा नाही.

अर्धवट_फोकस

अहो, काकांची हनुवटी एकच आहे, दुसरी काढायची नाहीये! सावली हवी आहे.

रंगारी_७२

काळा रंग हीच चूक. तपकिरी घ्या आणि मल्टिप्लाय. त्याहून झटपट म्हणजे डोक्याच्या लेयरला ड्रॉप शॅडो द्या, मग क्रिएट लेयरने तो इफेक्ट वेगळा काढून कानाजवळचा भाग मास्कने झाका. पाच मिनिटांचं काम.

थरावर_थर

रंगाचं बरोबर आहे, पण ड्रॉप शॅडोने भागणार नाही. ती डोक्याच्या आकाराची सपाट नक्कल असते, सगळीकडे सारखीच धूसर. खरी सावली जबड्याला लागून गडद आणि रेखीव असते, खाली जाताना तिची कड विरत जाते. शिवाय मान गोल आहे, त्यामुळे त्या कडेला बाक येतो.

काळ्याची काजळी का होते तेही सांगतो. काळा ब्रश तिन्ही चॅनल सारख्याच प्रमाणात खाली आणतो. उन्हातल्या त्वचेवर तसं होत नाही. छातीवरून, कपड्यांवरून परतलेला उबदार उजेड सावलीत शिरतो, म्हणून लाल कमी उतरतो आणि निळा जास्त. म्हणून तपकिरी अंदाजाने घेऊ नका, फोटोतूनच मोजा. काकांच्या शेजारी त्याच उन्हात कोण आहे? त्यांच्या मानेवर उजेडातला आणि सावलीतला असे दोन ठिपके आयड्रॉपरने घ्या, सॅम्पल साइज ५ बाय ५ अ‍ॅव्हरेज ठेवून. आकडे इथे टाका.

अर्धवट_फोकस

शेजारी काकू आहेत. उजेडात लाल २०५, हिरवा १६०, निळा १३५. सावलीत ११८, ७८, ६२.

थरावर_थर

झकास. आता प्रत्येक चॅनलला सावलीचा आकडा भागिले उजेडाचा आकडा, गुणिले २५५. येतात १४७, १२४, ११७. हा तुमच्या सावलीचा रंग. याचा सॉलिड कलर लेयर मल्टिप्लायवर ठेवलात की उजेडातली त्वचा नेमकी त्या सावलीइतकी उतरते. काका-काकूंच्या वर्णात फरक असला तरी फारसं बिघडत नाही, कारण आपण रंग नाही, प्रमाण उचललंय.

पण त्याआधी जुनी सावली घालवा, नाहीतर दोन सावल्या एकमेकींवर चढतील. गंमत म्हणजे हाच रंग तिथेही चालतो. ब्लेंड मोड डिव्हाइड करा आणि मास्क फक्त जुन्या सावलीवर. मल्टिप्लाय जे गुणतो ते डिव्हाइड भागतो, त्यामुळे मान उन्हातल्यासारखी उजळते. कडेला एक रेघ उरेल, ती हीलिंग ब्रशने मिटवा. नॉइज मात्र जवळपास दुप्पट उठेल. रॉ फाइल असेल तर शॅडोज उघडून वेगळी डेव्हलप करा, जेपेगमध्ये इथे हिरवट-जांभळे डाग पडतात. मग तीच मान नव्या जबड्याच्या आतपर्यंत वर ओढून घ्या, म्हणजे उजळ पट्टा आणि मान एकच होतील.

आता आकार. काकांच्या चेहऱ्यावर नाकाची सावली कुठल्या बाजूला पडलीये ते बघा. मानेवरची सावलीही त्याच बाजूला सरकलेली हवी. हनुवटी वर आहे, म्हणून ती आखूड ठेवा. कॉलरपर्यंत नेलीत तर डोकं पुन्हा खाली वाकल्याचा भास होईल. मास्क लॅसोने काढा आणि ब्लर मास्कलाच द्या, लेयरला नाही. चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत साधारण ६०० पिक्सेल असेल तर जबड्याजवळ ३, खालच्या कडेला १० ते १२ पिक्सेल असं सुरू करून पाहा.

शेवटी जबड्याच्या अगदी खाली, डोक्याच्या लेयरमागे, अंगठ्याच्या नखापेक्षाही अरुंद अशी आणखी एक गडद फट द्या, हलक्या हाताने. डोकं मानेला टेकतं ते तिथे. बाकीची सावली ठीकठाक असली तरी चालते, पण ही फट नसेल तर डोकं तरंगतंच.

रंगारी_७२

एवढी आकडेमोड? डोळ्यांनी जमत नाही का?

थरावर_थर

तुम्हाला जमत असेल. मला सलग दोन तास तोच गळा बघितल्यावर काहीही बरोबर दिसायला लागतं.

खिडकीतला_उजेड

माझीही हीच अडचण आहे. पण माझं डोकं फ्लॅशमधल्या फ्रेमचं आणि शरीर बिनाफ्लॅशचं. मानेवर सावली घातली तरी चेहराच परका वाटतो.

थरावर_थर

कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची सावली चेहऱ्याच्या मागे लपते, म्हणून नाकाखाली, डोळ्यांच्या खोबणीत काहीच नाही. नुसती मान सुधारून काय होणार? आधी तो अख्खा चेहरा नव्या उजेडात रंगवावा लागेल. मी असतो तर दुसरी फ्रेम शोधली असती.

अर्धवट_फोकस

केलं! डिव्हाइडची जादू खरंच चालली. नॉइज वाढला होता, तो थोडा ब्लर करून वर बाकी फोटोसारखाच नॉइज टाकला. सगळ्यात वर काळ्या रंगाचा लेयर कलर मोडवर ठेवून फोटो कृष्णधवल करून पाहिला, तेव्हा कळलं की माझी सावली काकूंच्यापेक्षा बरीच फिकी आहे. रंगीतमध्ये हे दिसतच नव्हतं. मास्क कडेकडून राखाडी राहिला होता. तो पांढरा केल्यावर बसली.

एकच राहिलं. काकांच्या गळ्यात बारीक चेन आहे. ती सावलीत आली, पण तिच्यावरची चमक अजून उन्हातल्यासारखी टोचते.

रंगारी_७२

राहू द्या चमक. धातू आहे, चमकणारच.

थरावर_थर

थेट उन्हाचा ठिपका सावलीत राहणार नाही, पुसा. आकाशाची मंद झळाळी राहील.

खिडकीतला_उजेड

पण पूर्ण पुसली तर चेन दोऱ्यासारखी दिसते हो. मी अर्धी ठेवली असती.

अर्धवट_फोकस

दोन्ही करून पाहिलं. पुसलेली बरोबर वाटते, अर्धी ठेवलेली छान वाटते. काकूंच्या गळ्यात काही नाही, नाहीतर तिथेच बघितलं असतं. पहिल्या फ्रेममध्ये चेन सावलीत आहे का ते रात्री झूम करून बघतो.