मदत हवी आहे: फोटोवरून मोजलेली भिंतीची भेग खरंच रुंदावली आहे का?

भिंतीतल्या उभ्या भेगेची रुंदी दोन महिन्यांच्या अंतराने काढलेल्या फोटोंवरून मोजली आहे. आधी २.१ मिमी, आता २.४ मिमी. दोन्ही फोटोंत १ मिमीला साधारण १० पिक्सेल येतात, म्हणजे फरक जेमतेम ३ पिक्सेलचा. भेगेची प्रत्येक कड ठरवताना १ पिक्सेल इकडेतिकडे होतो असं धरलं, तर एका मोजणीत सुमारे १.४ आणि दोन मोजण्यांच्या फरकात २ पिक्सेलची चूक येते.

खरी अडचण जुन्या फोटोची आहे. त्यात पट्टी भेगेला समांतर, उभी ठेवली होती आणि कॅमेरा बाजूला वळलेला होता. पट्टी आडवी असती तर तीही भेगेइतकीच आक्रसली असती आणि चूक आपोआप गेली असती. शेजारची चौरस स्विचप्लेट फोटोत उंचीच्या ९४ टक्केच रुंद दिसते, म्हणजे कोन सुमारे २० अंश. त्यानुसार २.१ चे २.२३ होतात आणि वाढ उरते ०.१७ मिमी, चुकीच्या मर्यादेच्या आतच.

पण ही प्लेट फोटोच्या अगदी कडेला आहे, भेग मात्र मध्यावर. कडेला लेन्सच्या वक्रतेमुळे प्लेटचा आकार बदललेला असू शकतो. नवा फोटो समोरून, आडव्या पट्टीसह घेतलाय. पाच वेळा काढून २.३ ते २.५ आलं. जुना फोन आता नाही, त्यामुळे बुद्धिबळपट छापून त्याच्या लेन्सचं कॅलिब्रेशन करता येत नाही. त्या फोटोत दाराच्या चौकटीची लांब सरळ कड मात्र आहे.

त्या कडेच्या वाकावरून प्लेटच्या गुणोत्तरातली चूक किती धरावी, आणि ती कडांच्या चुकीत कशी मिळवावी?