डोळ्यांखालची सूज, काळी वर्तुळं: तुमचे अनुभव लिहा

मीनल: माझ्या ६ वर्षांच्या मुलाचे डोळे सकाळी सुजलेले असायचे, दुपारपर्यंत उतरायचे. आम्ही ॲलर्जी समजून तीन आठवडे सेटिरिझिन देत राहिलो. मग मोज्यांचे वळ पायावर खोल उमटायला लागले आणि लघवीला फेस दिसला. साध्या लघवी तपासणीत प्रोटीन ४+ आलं, रक्तातलं अल्ब्युमिन १.८. नेफ्रोटिक सिंड्रोम होता, म्हणजे मूत्रपिंडातून प्रोटीन गळून जाण्याचा आजार. प्रेडनिसोलोनने दहाव्या दिवशी लघवीतलं प्रोटीन थांबलं. आता रोज सकाळी घरी पट्टीने लघवी बघते, सलग तीन दिवस ३+ आलं तर डॉक्टरांना कळवायचं. ते तीन आठवडे अजून मनात सलतात, म्हणून हा धागा काढला.

सुलभाकाकू: बाळ बरं आहे ना गं आता? आमच्याकडे काकडीच्या गार चकत्या ठेवतात, सूज हमखास उतरते.

अनिकेत: मला सूज नाही, नुसता काळेपणा आहे, बाबांनाही तसाच. मित्राच्या सांगण्यावरून गोरेपणाचं एक क्रीम चार महिने लावलं. आधी उजळलं, मग कातडी इतकी पातळ झाली की शिरा दिसायला लागल्या. त्यात स्टिरॉइड होतं. झोप वाढवून तरी जाईल का हे?

डॉ. वैदेही (त्वचारोग): अनिकेत, स्टिरॉइड क्रीम डोळ्यांजवळ फार दिवस लावलं तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो. तो एकदा मोजून घ्या.

आरशासमोर खालची कातडी हलकेच ताणा. रंग तसाच राहिला तर बहुधा रंगद्रव्य. चेहऱ्यावर समोरून उजेड पाडल्यावर काळेपणा गेला तर ती खळग्याची सावली, तिथे कुठलंच क्रीम चालत नाही. रंगद्रव्याला सनस्क्रीन आणि सौम्य रेटिनॉल, तेही काही महिने. यावरचे अभ्यास छोटे आहेत, थोडाफार फरक पडतो एवढंच सांगेन. झोपेने आनुवंशिक काळेपणा जात नाही. खाज येत असेल तर आधी चोळणं थांबवा, चोळूनच काळं पडतं.

काकू, गारव्याने सूज तासभर बसते हे खरं. काकडीऐवजी गार पाण्याची पट्टीही तेच करते. पण मीनलच्या मुलासारखी सूज असेल तर गारवा तिला फक्त झाकतो.

रेखा: माझी सूज दिवसभर असायची, आवाजही घोगरा झाला होता. सगळे म्हणायचे, वय झालं. थायरॉइडच्या तपासणीत TSH ४८ निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलं होतं. गोळ्यांनी तीन महिन्यांत चेहरा ओळखीचा झाला. पण डोळ्यांखालच्या पिशव्या थोड्या उरल्यात. त्या थायरॉइडच्या की वयाच्या?

डॉ. वैदेही: TSH नॉर्मल होऊन सहा महिने झाले की बघू. तरी राहिल्या तर ती पुढे आलेली चरबी असेल, तिला शस्त्रक्रियाच. एकाच डोळ्याला सूज, लाली, ताप किंवा एकाचे दोन दिसणं असेल तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

मीनल: रेखाताई, तुमची लघवी तपासली होती का?

रेखा: नाही गं. उद्याच देते.