अनुभव धागा: कापूस, सरकी आणि चिमुकली बोटं

गिरणाकाठ
शेजारच्या ओट्यावर वेचणीचा कापूस पडलेला पाहिला आणि आमच्या अंगणवाडीतला कापसाचा खेळ आठवला. साडेतीन-चार वर्षांची मुलं होती. बोटांत बळ यावं हा हेतू. आधी भिंतीवर ओल्या फडक्याने मोठमोठे गोल, मग कणीक मळणं, मग कापसातून सरकी वेगळी करणं आणि शेवटी चिमट्याने सरकी वाटीत टाकणं. खांदा आणि मनगट स्थिर नसलं तर बोटांवर सगळा भार येतो, म्हणून हा क्रम. सामान म्हणजे परात, दोन वाट्या, चिमटा. कापूस घरचा, फवारणी नसलेला, बोंडाच्या टोकदार पाकळ्या काढून. तुम्ही काय काय केलंत, लिहा.

जामनेरची मावशी
चिमटी तीन वर्षांनंतरच येते ना? आमच्याकडे तर थेट टिंबं जोडायला देतात, हात वळतो.

बालवाडीवाली, धुळे
मावशी, चिमटीत धरणं बाळाला वर्षाच्या आसपासच येतं. पुढे वाढतो तो जोर आणि नेमकेपणा. टिंबं आधी दिली की मुलं पेन्सिल मुठीत आवळतात, बोट पांढरं पडतं. तेच दिसलं तर समजा घाई होतेय.
नोंद मात्र "छान खेळला" अशी नको. माझ्या वहीतली एक: "सरकी तीन बोटांनी उचलली. मध्येच हात बदलला. म्हणाला, हाई मनं शे." दुसऱ्या दिवशी वाटी डावीकडून समोर ठेवली, तर हात बदलला नाही. शरीराच्या मधली रेघ ओलांडून पलीकडे हात नेणं त्याला जड जात होतं. मग मी पुढच्या दिवसांत वाटी थोडी थोडी डावीकडे सरकवत नेली. नोंद नसती तर "डावखुरा आहे का" एवढंच मनात राहिलं असतं.

पारोळेकर
नातू जेवताना मोबाइलशिवाय घास घेत नाही. यावर काही खेळ आहे का?

जामनेरची मावशी
दादा, त्याला शेंगा सोलायला बसवा, आमची तशीच बसते. बाकी यंदा कापसाला भाव काय लागला तुमच्याकडे?

पारोळेकर
व्यापारी ओलावा सांगून कापतोय. शेंगा बघतो.

तापीकाठची आई
सरकी नाकात घातली तर? माझ्या भाच्याने हरभरा घातला होता, डॉक्टरकडे पळालो.

बालवाडीवाली, धुळे
भीती खरी आहे. तीनच्या आतल्यांना सरकी देतच नाही, त्यांना कणकेचे मोठे गोळे. मोठ्यांनाही चार-पाच जणांच्या गटात, मदतनीस समोर बसलेली असली तरच. आणि सुरू करताना आणि संपल्यावर सरकी मोजून.

गिरणाकाठ
आमच्याकडे मदतनीस नसते त्या दिवशी काय करायचं, हे मला अजून सुटलेलं नाही. पावट्याचे दाणे घेऊन पाहिले, पण तेही नाकात जाण्याएवढेच. कुणाकडे मोठं, पण चिमट्यात बसणारं काही आहे?

तापीकाठची आई
कापसाचेच बोळे? चिमट्यात येतील. उद्या घरी करून सांगते.