मदत हवी आहे : ठरलेल्या भेटीविषयी लिहिताना ‘विल’, ‘गोइंग टू’ की चालू वर्तमानकाळ?

कार्यालयीन ईमेलमध्ये पुढच्या आठवड्यातील बैठकांविषयी लिहिताना माझी अडचण होते. समोरच्याशी दिवस-वेळ ठरली असेल तर ‘वी आर मीटिंग द क्लायंट ऑन ट्यूजडे’ आणि आपला नुसता बेत असेल तर ‘वी आर गोइंग टू मीट’, हे मला समजते. ऐनवेळी दिलेल्या शब्दासाठी ‘आय विल सेंड द फाइल टुडे’ हेही पटते. मात्र औपचारिक सूचनांमध्ये, सारे आधीच ठरलेले असूनही, ‘द ट्रेनिंग विल बिगिन अ‍ॅट टेन’ असेच सर्रास आढळते, ते का? शिवाय आम्ही तारीख सुचवली, परंतु ग्राहकाचा होकार अद्याप आलेला नाही, अशा वेळी चालू वर्तमानकाळामुळे भेट पक्की झाल्याचा समज होईल, अशी शंका वाटते. तेथे ‘गोइंग टू’ चालेल की ‘वी आर होपिंग टू मीट’ अधिक सुरक्षित, हे जाणकारांनी कृपया सांगावे.