व्हॉट्सॲप बिझनेस : दुकान बंद असतानाचा संदेश ग्राहकांना जात नाही, मदत हवी आहे

भाजणीवाली : नारायण पेठेत आमचे मसाले आणि भाजणीचे छोटे दुकान आहे. दुकानाच्या फोनवर पत्ता, सकाळी १० ते रात्री ८:३० ही वेळ आणि कॅटलॉग भरून मी ‘Away message’ सुरू केला व त्यात ‘Outside of business hours’ हा पर्याय निवडला. तरीही रात्री विचारणा करणाऱ्यांना तो संदेश मिळत नाही. रविवारी फोन घरी आणला होता तेव्हा मात्र नवीन ग्राहकांना तो मिळाला, पण नेहमीच्या ग्राहकांना मिळाला नाही. कारण काय असावे?

सदाशिव३० : ‘Greeting message’ सुरू करून त्यातच दुकानाची वेळ लिहावी, म्हणजे तो सर्वांना जाईल.

जुना दुकानदार : तो सर्वांना जात नाही. ग्राहकाने प्रथमच संदेश पाठवला, किंवा १४ दिवस काहीही बोलणे झाले नसेल, तरच तो जातो. त्यामुळे दर आठवड्याला भाजणी मागवणाऱ्या ग्राहकाला तो दिसणारच नाही.
ताई, रात्री फोन दुकानातच राहतो का आणि दुकान बंद करताना मेन स्विच बंद करता का? फोनला इंटरनेट नसेल तर बंद वेळेचा संदेश निघतच नाही. घरच्या फोनवरून रात्री एक संदेश पाठवून पाहा. त्यावर एकच खूण राहिली, तर तो दुकानाच्या फोनपर्यंत पोहोचलेलाच नाही. नेहमीच्या ग्राहकांचे कारण निराळे आहे. ‘Recipients’ मध्ये ‘Everyone not in address book’ निवडलेले असेल, तर ज्यांचे नंबर आपण जतन केले आहेत, ते सर्व वगळले जातात. तेथे ‘Everyone’ करावे.

कोथरूडकर : माझी अडचण तत्काळ उत्तरांची आहे. फोनवर `/bhav` लिहिले की दरपत्रकाचा फोटो जातो, परंतु संगणकावरून तो जात नाही.

जुना दुकानदार : फोटो असलेली तत्काळ उत्तरे संगणकावर चालत नाहीत. दर मजकुरात लिहून ठेवावेत. दर बदलला की सुधारणेही सोपे जाते.

भाजणीवाली : आपला अंदाज बरोबर आहे; वायफाय मेन स्विचबरोबरच बंद होते. ‘Recipients’ मध्येही तोच पर्याय होता, तो आता बदलला आहे, आणि आजपासून फोन घरी नेणार आहे. आणखी एक विचारते : थालीपीठ भाजणी पाव, अर्धा आणि एक किलो अशी देतो. कॅटलॉगमध्ये ती कशी मांडावी?

सदाशिव३० : पाव किलोची एकच नोंद ठेवा, ज्याला एक किलो हवी, तो कार्टमध्ये ४ नग घेईल.

भाजणीवाली : आमच्याकडे एक किलोचा दर चार पाव किलोंपेक्षा कमी आहे, त्यामुळे कार्टमधील बेरीज चुकेल.

जुना दुकानदार : मग प्रत्येक वजनाची स्वतंत्र नोंद करून तिला वेगळा कोड द्यावा. कॅटलॉगमध्ये ५०० नोंदी बसतात, तेव्हा जागेची अडचण नाही. मात्र दर बदलताना तीन ठिकाणी बदलावा लागेल.

कोथरूडकर : मी किंमत रिकामी ठेवून तिन्ही दर वर्णनात लिहितो. एकाच ठिकाणी बदल पुरतो, पण कोणते वजन हवे, हे ग्राहकाला पुन्हा विचारावे लागते.